अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा डोस दुप्पट केला, एलडीएल फक्त ८ नं उतरलं. असं का?

शहापूर_गल्ली

नमस्कार मंडळी. आमच्या बाबांच्या गोळीबद्दल विचारायचं आहे. वय ६३, मधुमेह आहे, हार्टचा झटका वगैरे कधी आलेला नाही.

गोळी सुरू व्हायच्या आधी एलडीएल १६८ होतं. अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० सुरू केल्यावर दोन महिन्यांनी १०४ आलं. डॉक्टरांना ते ७० च्या खाली हवं आहे, म्हणून त्यांनी गोळी २० ची केली. आणखी दोन महिने गेले आणि परवा रिपोर्ट आला: ९६. लॅब तीच, उपाशीपोटीच रक्त दिलं, गोळी एकही दिवस चुकलेली नाही, कारण ती मी स्वतः हातावर ठेवतो.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. पहिल्या दहा मिलिग्रॅमनं ६४ उतरलं आणि पुढच्या दहानं ८, हे मला पटेना. डॉक्टर म्हणाले, "इतकंच उतरतं, काळजी करू नका," पण बाहेर पेशंटची रांग होती, जास्त विचारता आलं नाही. नंतर एके ठिकाणी वाचलं की ही गोळी घेतली की ती ज्या एन्झाइमला अडवते तेच एन्झाइम लिव्हर उलट जास्त बनवायला लागतं. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर बाबांचं शरीर औषधाला सरावत चाललंय असं समजायचं का?

निपाणी_मेडिकल

सर, दुकानात बसून वीस वर्षं हेच बघतोय. शरीराला सवय लागते. अँटिबायोटिक सारखं सारखं घेतलं की चालेनासं होतं, तसंच. म्हणून डोस वाढवत न्यावा लागतो.

दुसरं म्हणजे गोळी कधी घेतात? कोलेस्ट्रॉल रात्री बनतं, म्हणून ही गोळी रात्रीच घ्यायची असते. सकाळी घेत असतील तर रात्रीवर आणा, १५-२० तरी उतरेल.

एमबीबीएस_पहिलं_वर्ष

आमचं हेच चॅप्टर आत्ता झालंय. एचएमजी-कोए रिडक्टेज हे कोलेस्ट्रॉल बनवण्याच्या सगळ्या साखळीतलं सावकाश चालणारं एन्झाइम, त्यावर सगळ्याचा वेग ठरतो. कोलेस्ट्रॉल जास्त झालं की तेच कोलेस्ट्रॉल एन्झाइमवर जाऊन बसतं आणि काम थांबवतं. स्टॅटिननं कोलेस्ट्रॉल कमी झालं की हा ब्रेक निघतो आणि एन्झाइम पुन्हा जोरात चालतं. म्हणजे तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण मग मलाही कळत नाही की शेवटी एलडीएल उतरतं कसं. पेशीनं तेवढंच पुन्हा बनवलं तर गोळीचा उपयोग काय?

मलप्रभाकाठी

मी बेळगावात मेडिकल कॉलेजला बायोकेमिस्ट्री शिकवते. शेवटच्या पोस्टमधला प्रश्न फार चांगला आहे. त्याचं उत्तर मिळालं की शहापूरच्या सरांच्या ८ चा उलगडाही होतो. जरा सविस्तर लिहिते.

आधी एक दुरुस्ती. कोलेस्ट्रॉल त्या एन्झाइमच्या कामाच्या जागेवर जाऊन बसत नाही. तिथे बसते ती स्टॅटिन. तिच्या रेणूचा एक तुकडा हुबेहूब एचएमजीसारखा दिसतो, आणि एन्झाइमचा खरा कच्चा माल असलेल्या एचएमजी-कोएपेक्षा ती हजारो पटींनी घट्ट चिकटते. २००१ साली इस्तवान आणि डायझेनहोफर यांनी एन्झाइम आणि स्टॅटिन एकत्र असलेल्या स्फटिकाची रचना काढली, तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. कोलेस्ट्रॉल हे काम वेगळ्या वाटेनं करतं. ते चालू असलेलं एन्झाइम अडवत बसत नाही, पेशीत एन्झाइम किती असावं तेच बदलतं. नवं बनणं कमी करतं आणि जुनं मोडायला लावतं.

हे कसं होतं ते असं. रिडक्टेज मोकळं तरंगत नाही, पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यात रोवलेलं असतं. त्याच पडद्यात स्कॅप नावाचं प्रथिन असतं, ते त्या पडद्यातलं कोलेस्ट्रॉल ओळखतं. पडद्यातल्या दर शंभर लिपिड रेणूंमागे कोलेस्ट्रॉल साधारण पाचाच्या वर असेल तर इन्सिग नावाचं दुसरं प्रथिन स्कॅपला तिथेच धरून ठेवतं. पाचाच्या खाली गेलं की स्कॅप सुटतं आणि आपल्याबरोबर एसआरईबीपी-२ नावाच्या प्रथिनाला पेशीच्या दुसऱ्या भागात, गोल्जीत, घेऊन जातं. तिथे दोन एन्झाइम त्याला दोन ठिकाणी कापतात, सुटलेला तुकडा केंद्रकात जातो आणि कोलेस्ट्रॉलशी संबंधित जीन्स सुरू करतो. पाचाच्या आसपासच्या थोड्याशा बदलानं हे बंद-चालू होतं, इतकं ते काटेकोर आहे.

एन्झाइम मोडायचं कामही इन्सिगच बघतं. कोलेस्ट्रॉल आणि त्याच्या जातीचे स्टेरॉल भरपूर झाले की ते रिडक्टेजला पकडतं, त्यावर युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिअसोममध्ये ते संपवलं जातं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये स्टेरॉलचा तुटवडा असला की हे एन्झाइम दहा तासांहून जास्त टिकतं, भरपूर स्टेरॉल दिलं की तासाभरात निम्मं होतं.

मुख्य गोष्ट आता येते. एसआरईबीपी-२ एकट्या रिडक्टेजचा जीन चालू करत नाही. त्याच वेळी एलडीएल रिसेप्टरचाही जीन चालू होतो. पेशीला कोलेस्ट्रॉल कमी पडतंय असं दिसलं की ती दोन्ही करते, घरात बनवणंही वाढवते आणि रक्तातून ओढून घेणंही वाढवते. बनवण्याची वाट स्टॅटिननं अडवलेली असते. ओढून घेण्याची वाट मोकळी असते. म्हणून लिव्हरच्या पेशीचं आतलं कोलेस्ट्रॉल जवळपास जागेवर राहतं आणि रक्तातलं एलडीएल उतरतं. ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं ते याच रिसेप्टरच्या कामासाठी.

पुरावा हवा असेल तर १९९० साली स्वीडनमधून आलेलं काम बघा. पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलेल्या काही रुग्णांना आधी तीन आठवडे प्रॅव्हास्टॅटिन दिली आणि ऑपरेशनच्या वेळी लिव्हरचा बारीकसा तुकडा घेतला. औषध धुऊन टाकून मोजलं तेव्हा गोळी न घेतलेल्यांच्या मानानं रिडक्टेज सुमारे बारा पट निघालं. एलडीएल रिसेप्टर दुपटीहून जास्त झाले होते. म्हणजे तुम्ही वाचलंत ते शब्दशः खरं आहे. पण एन्झाइम वाढणं आणि एलडीएल उतरणं या एकाच संदेशाच्या दोन बाजू आहेत. ज्या पेशीचं एन्झाइम वाढलं नाही, तिचे रिसेप्टरही वाढले नसते आणि गोळी लागू पडली नसती.

चिकोडी_ऊस

मॅडम, मला शास्त्रातलं कळत न्हाय, पण असं समजू का? कारखान्याच्या गेटवर वजनकाटा एकच हाय. ऊस कितीबी येऊ दे, काट्यावरनं जाईल तेवढाच गाळला जाणार. ही गोळी म्हंजे काट्यावर मोकळा ट्रॅक्टर आणून उभा केला, तो हलतच न्हाय. मग कारखाना दुसरा काटा बसवतो, तिसरा बसवतो. अन् तरी साखर कमी पडली की बाजारातनं विकत घेतो. म्हंजे बाजारातली साखर कमी होते. बरोबर हाय का?

मलप्रभाकाठी

चिकोडीकर, बरोबर आहे, आणि मी लिहिलं त्यापेक्षा स्पष्ट आहे. फक्त एक बदल करा. मोकळा ट्रॅक्टर कायमचा उभा राहत नाही. तो निघून जातो, दुसरा येतो. म्हणून गोळी रोज लागते.

काटा नेमका तिथेच का, हेही सांगते. कोलेस्ट्रॉल अ‍ॅसिटिल-कोएपासून बनतं, जे भात, भाकरी, तेल, तूप सगळ्यांतून तयार होतं. असे तीन तुकडे जोडून एचएमजी-कोए होतं आणि रिडक्टेज त्याचं मेव्हॅलोनेट करतं. एकदा मेव्हॅलोनेट झालं की परत मागे फिरत नाही. पुढे वीसहून जास्त पायऱ्या आहेत. सहा मेव्हॅलोनेटचं मिळून स्क्वॅलिन, मग लॅनोस्टेरॉल आणि शेवटी २७ कार्बनचं कोलेस्ट्रॉल. एका कोलेस्ट्रॉलसाठी अठरा अ‍ॅसिटिल-कोए खर्ची पडतात. इतकं खर्चिक काम पेशी सुरुवातीलाच आवरते.

गोकाक_अक्का

मॅडम, मला रोसुवास्टॅटिन १० दिलीया. चार महिने झाले. दोन्ही मांड्या दुखत्यात, जिना चढताना जास्त. शेजारची म्हणते गोळीच सोडून द्या, करदंट खायचं बंद करा, एवढं केलं की कोलेस्ट्रॉल आपोआप उतरतंय. मी गोळी सोडू काय? आणि बटर पेपरमधला करदंट खाल्ला तर चालतो काय?

निपाणी_मेडिकल

अक्का, को-क्यू-टेन घ्या गोळीबरोबर. स्टॅटिननं ते कमी होतं, त्यानंच मांड्या दुखतात. माझ्याकडून खूप लोक नेतात.

मलप्रभाकाठी

अक्का, गोळी मनानं सोडू नका, पण हे दुखणं डॉक्टरांना या आठवड्यातच सांगा. दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्नायूंत, गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत आलेलं दुखणं गोळीचं असू शकतं. डॉक्टर रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासतील, बहुतेक थायरॉइडही बघतील, कारण थायरॉइड कमी असलं तर स्नायूही दुखतात आणि एलडीएलही वाढतं. लघवी चहासारखी काळपट झाली किंवा उठताच येईना इतका अशक्तपणा आला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. नाहीतर साधारणपणे डॉक्टर गोळी काही आठवडे थांबवून बघतात, दुखणं गेलं तर कमी डोस किंवा दुसरी स्टॅटिन देतात.

निपाणीकरांनी को-क्यू-टेनचं सांगितलं त्यात निम्मं खरं आहे. मेव्हॅलोनेटपासून एकटं कोलेस्ट्रॉल बनत नाही. को-क्यू-टेनची शेपटी तिथूनच येते, आणि पेशीतल्या कितीतरी प्रथिनांना पडद्याला धरून ठेवणाऱ्या साखळ्याही. म्हणून स्टॅटिननं रक्तातलं को-क्यू-टेन उतरतं हे खरं. पण वरून को-क्यू-टेन दिल्यानं स्नायूंचं दुखणं कमी होतं का, याच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मी ते सुचवत नाही, घेणाऱ्याला अडवतही नाही.

करदंटाचं: त्यात गूळ, सुकामेवा, डिंक, तूप. सुक्यामेव्यात कोलेस्ट्रॉल नसतंच, वनस्पतीत ते नसतं. तुपात असतं, पण त्यापेक्षा तुपातली संपृक्त चरबी एलडीएल रिसेप्टरचं काम मंदावते, हा मुद्दा मोठा. एक तुकडा खाल्ल्यानं काही होत नाही. पण करदंट सोडून गोळीइतकं एलडीएल उतरणार नाही. पोटातून येणारं कोलेस्ट्रॉल कमी झालं की लिव्हर आपलं बनवणं वाढवतं. हे उलट्या दिशेनं शोनहायमरनं उंदरांत १९३३ सालीच दाखवलं होतं. भरपूर कोलेस्ट्रॉल खायला घातलं की उंदीर स्वतः बनवणं कमी करतात.

कुक्कुट_संकेश्वर

आमचा लेअर कोंबड्यांचा धंदा आहे. ट्रेनिंगमध्ये एकदा एका पशुवैद्यांनी सांगितलं होतं की हे औषध आधी कोंबड्यांवरच सिद्ध झालं. मला तेव्हा खरं वाटलं नाही. उंदीर सोडून कोंबडी कशाला घेतील कोणी?

मलप्रभाकाठी

खरं आहे ते, आणि आपल्या विषयाला चपखल बसणारं आहे.

जपानच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून जास्त बुरश्या तपासल्या. कुठल्या बुरशीच्या रसानं कोलेस्ट्रॉल बनणं थांबतं, एवढं एकच बघायचं. १९७३ साली क्योटोच्या धान्यातल्या एका निळसर बुरशीत, पेनिसिलियम सिट्रिनममध्ये, त्यांना कॉम्पॅक्टिन मिळालं. परीक्षानळीत ते उत्तम चालायचं. पण उंदीर-घुशींना दिलं तर रक्तातलं कोलेस्ट्रॉल ढिम्म हलेना. औषध तिथंच बंद पडायची वेळ आली होती.

कारण तेच, जे शहापूरच्या सरांनी पहिल्या पोस्टमध्ये विचारलंय. घुशीच्या लिव्हरनं औषध मिळताच रिडक्टेज इतकं वाढवलं की अडवलेलं सगळं भरून निघालं. पेशीला तुटवडा जाणवलाच नाही, मग रिसेप्टर वाढवायचं कारणही उरलं नाही. शिवाय घुशीच्या रक्तात एलडीएल मुळातच फार कमी असतं.

एंडोंच्या एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. एंडोंचा विचार असा की अंड्यात इतकं कोलेस्ट्रॉल जातं म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार. कॉम्पॅक्टिन खाऊ घातल्यावर कोंबड्यांचं रक्तातलं कोलेस्ट्रॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे कुत्र्यांत आणि माकडांतही उतरलं. त्यातून वाट मोकळी झाली आणि त्याच जातीची लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत बाजारात आली. म्हणजे एन्झाइमचं वाढणं कुठल्या प्राण्यात किती, यावर हे औषध जगणार की मरणार हे ठरलं.

शहापूर_गल्ली

मॅडम, आता बरंच कळलं. पण माझं गणित अजून अडलंय. पहिल्या १० नं ६४ आणि दुसऱ्या १० नं ८. एन्झाइम वाढतं म्हणून उतार कमी, एवढंच कारण का? आणि बाबांचं शरीर घुशीसारखं वागतंय का?

मलप्रभाकाठी

नाही सर, बाबा माणसासारखेच वागताहेत. आकडे मांडून बघू.

अ‍ॅटोर्वास्टॅटिन १० नं सरासरी ३७ ते ३९ टक्के एलडीएल उतरतं. १६८ चे ३८ टक्के म्हणजे ६४. उरतं १०४. तुमचा रिपोर्ट तोच सांगतो. पुढचा नियम स्टॅटिन वापरणारे सगळे डॉक्टर तोंडपाठ सांगतात: डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या आणखी सुमारे ६ टक्के उतरतं. १६८ चे ६ टक्के म्हणजे १०. अपेक्षा ९४ ची, आलं ९६. दोनचा फरक काहीच नाही. त्याच माणसाचं एलडीएल दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं तर सात-आठ टक्के सहज इकडेतिकडे होतं.

चूक कुठे झाली असेल तर ती अशी: गोळीचा परिणाम मिलिग्रॅमच्या सरळ प्रमाणात धरणं. पहिल्याच दहा मिलिग्रॅममध्ये एन्झाइमच्या बऱ्याच जागा भरलेल्या असतात. दुसऱ्या दहाला उरलेल्या जागांवर आणि नव्यानं बनलेल्या एन्झाइमवर काम करायचं असतं.

आणि आणखी एक जण आडवा येतो. एसआरईबीपी-२ ज्या जीन्स चालू करतं त्यांत पीसीएसके-९ चाही जीन आहे. हे प्रथिन रक्तात सुटतं, एलडीएल रिसेप्टरला चिकटतं आणि त्याला पुन्हा पेशीच्या पृष्ठभागावर येऊ देत नाही, पेशीतच मोडायला लावतं. म्हणजे स्टॅटिन एका हातानं रिसेप्टर वाढवते, आणि त्याच संदेशामुळे रिसेप्टर मोडणारंही वाढतं. डोस चढवला की हेही चढतं. याशिवाय लिव्हरनं बनवणं कमी केलं की आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्ट्रॉल थोडं वाढतं. या सगळ्याची वजाबाकी म्हणजे तो सहा टक्क्यांचा नियम.

सवय लागली असती तर काय दिसलं असतं? १० च्या गोळीवर एलडीएल १०४ वरून हळूहळू ११५, १३० असं चढलं असतं, डोस न बदलता. स्टॅटिनवर वर्षानुवर्षं असलेल्यांत तसं दिसत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ रुग्ण होते आणि पाच वर्षांहून जास्त काळ एलडीएल सरासरी ३५ टक्के खालीच राहिलं. एन्झाइम वाढतं ते पहिल्या काही दिवसांतच, मग तिथेच स्थिर होतं. अँटिबायोटिकला जंतू हळूहळू दाद देईनासे होतात, तशातला हा प्रकार नाही. निपाणीकर, तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण ज्यांचे आकडे पुन्हा चढले त्यांतल्या किती जणांनी गोळी रोज घेतली, हे आधी विचारा.

निपाणी_मेडिकल

मॅडम, पटलं. तीस गोळ्यांचं पाकीट काही जणांना दोन महिने पुरतं, हे मला दिसतं, पण मी कधी जोडून बघितलं नाही. पण रात्रीच्या गोळीचं तरी बरोबर ना?

मलप्रभाकाठी

गोळीवर अवलंबून आहे. माणसात कोलेस्ट्रॉल बनणं मध्यरात्रीनंतर जास्त असतं हे खरं. सिमव्हास्टॅटिन शरीरात थोडेच तास टिकते, म्हणून ती रात्री. अ‍ॅटोर्वास्टॅटिन आणि रोसुवास्टॅटिन दिवसभर टिकतात, त्या सकाळी घेतल्या तरी चालतात. बाबांची वेळ बदलून १५-२० उतरणार नाही. ज्या वेळेला लक्षात राहते ती वेळ चांगली.

एमबीबीएस_पहिलं_वर्ष

मॅडम, मग पुढे काय करायचं? ४० करून आणखी दहाच उतरणार असेल तर ७० कधी येणार? आणि एक शंका. व्यायामानं एएमपीके नावाचं एन्झाइम चालू होतं आणि ते रिडक्टेजवर फॉस्फेट लावून बंद करतं, असं शिकलो. मग चालल्यानंही गोळीसारखंच होईल ना?

मलप्रभाकाठी

एएमपीकेचं बरोबर शिकलात. पेशीत ऊर्जा कमी पडली की ते रिडक्टेज काही काळ मंद करतं. अठरा अ‍ॅसिटिल-कोए आणि तितकेच एटीपी खाणारं काम अशा वेळी थांबवणं शहाणपणाचंच. पण हा तात्पुरता ब्रेक आहे. एन्झाइम मंद झालं की दुसऱ्या बाजूनं तोच एसआरईबीपी-२ जागा होतो. व्यायामानं ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल थोडं चढतं, एलडीएलवर परिणाम बेताचाच. साखर असलेल्या माणसानं चालायला हवंच, त्याची कारणं वेगळी आहेत.

बाबांचं: हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण त्यांच्यापुढे काय पर्याय असतील ते सांगते. ४० केलं तर १६८ चे आणखी ६ टक्के, म्हणजे ८६ च्या आसपास. ८० केलं तर ७५-७६. डोस चौपट होऊनही ७० च्या वरच. याउलट २० तशीच ठेवून एझेटिमाइब १० जोडली तर ती आतड्यातलं कोलेस्ट्रॉल शोषणारं दार, एनपीसी१एल१, अडवते. त्यानं असलेल्या आकड्यातून सुमारे पाचवा भाग आणखी उतरतो. ९६ चा पाचवा भाग १९, म्हणजे ७७. स्टॅटिनमुळे आतड्यातून शोषण वाढतं असं मी वर लिहिलं, नेमकी तीच फट ही गोळी बुजवते. ४० आणि एझेटिमाइब एकत्र केलं तर ८६ चे ६९. कागदावर तरी ७० च्या खाली.

डॉक्टरांकडे जाताना टीएसएचचा रिपोर्ट शेवटचा कधी झाला ते बघून जा. थायरॉइड कमी असलं तर रिसेप्टर कमी असतात आणि कुठल्याही गोळीचा आकडा अपेक्षेपेक्षा वर राहतो.

शहापूर_गल्ली

टीएसएच तीन वर्षांपूर्वीचा आहे. उद्या करतो. मॅडम, तुम्ही हे असं आकड्यांत मांडलंत, फार उपकार झाले. एझेटिमाइबचं डॉक्टरांना विचारतो.

चिकोडी_ऊस

मॅडम, एकच राहिलं. माझ्या आतेभावाला जन्मापासनं कोलेस्ट्रॉल लई हाय, त्येच्या पोरीला तर विशीच्या आत डोळ्याभोवती पिवळ्या गाठी आल्यात. डॉक्टर म्हणाले गोळी लागू पडायची न्हाय. असं का?

मलप्रभाकाठी

चिकोडीकर, त्या मुलीला न बघता मी निदान सांगू शकत नाही, पण डॉक्टरांचं बोलणं कुठून येतं ते सांगते. आई आणि वडील दोघांकडून एलडीएल रिसेप्टरचा बिघडलेला जीन आला तर पेशीवर चालणारे रिसेप्टर जवळजवळ नसतातच. मग स्टॅटिननं संदेश पाठवला, जीन चालू झाला, तरी तयार होतात ते मोडके रिसेप्टर. बाजारातनं विकत घ्यायचं दारच नाही. अशा मुलांत स्टॅटिननं थोडंच उतरतं, वेगळे उपचार लागतात, काहींना डायलिसिससारखं रक्तातून एलडीएल गाळून काढावं लागतं. एकाच पालकाकडून आलं असेल तर निम्मे रिसेप्टर चांगले असतात आणि स्टॅटिन छान काम करते. म्हणून त्या मुलीच्या आईचंही एलडीएल एकदा तपासून घ्या. भावंडांचंही.

निपाणी_मेडिकल

मॅडम, माझा शेवटचा मुद्दा. तुम्ही म्हणता एन्झाइम बारा पट होतं. मग माणसानं गोळी अचानक बंद केली तर ते सगळं वाढलेलं एन्झाइम मोकळं सुटणार. कोलेस्ट्रॉल आधीपेक्षाही वर जायला पाहिजे. माझ्याकडचे एक काका आहेत, गोळीआधी १७०, स्वतःच्या मनानं बंद केल्यावर महिन्यानं १९०.

मलप्रभाकाठी

तर्क बरोबर आहे. औषध निघून गेलं की जास्तीचं एन्झाइम खरोखरच मोकळं होतं आणि काही काळ पेशी जास्त बनवते. पण तीच जास्तीची निर्मिती त्याला संपवते. पडद्यात कोलेस्ट्रॉल वाढतं, इन्सिग पुन्हा धरायला लागतं, खूण लागते, आणि हे एन्झाइम तासांच्या हिशेबात मोडतं. रिसेप्टरही कमी होतात आणि दोन-तीन आठवड्यांत एलडीएल जुन्या आकड्याजवळ येऊन थांबतं. महिन्यानंतरही वर राहावं असं यात काही नाही.

काकांचे १७० आणि १९० यांत बारा टक्क्यांचा फरक आहे. एकेकदाच मोजलेल्या दोन आकड्यांत तेवढा फरक गोळीशिवायही पडतो. लॅब बदलली असेल, वजन वाढलं असेल, थायरॉइड असेल.

निपाणी_मेडिकल

लॅब बदलली होती, हे खरं. पण मॅडम, एकच काका नाहीत, असे आणखी दोन-तीन आहेत माझ्या डोळ्यासमोर. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांचे जुने रिपोर्ट मिळतात का बघतो, नावं झाकून इथे टाकतो.

मलप्रभाकाठी

जरूर टाका. ट्रायग्लिसराइड्सचा आकडाही लिहा. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, एकूण कोलेस्ट्रॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा करून काढतात. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर तो आकडा धरूच नका.